दुप्पट प्रतिमेची दोन ठिकाणे

दहावीच्या सरावपत्रिकांत एक प्रश्न हमखास असतो. ‘१० सेमी नाभीय अंतराच्या बहिर्गोल भिंगाने वस्तूची दुप्पट उंचीची प्रतिमा मिळवायची आहे. वस्तू कोठे ठेवावी?’ अमरावती विभागीय मंडळाच्या परीक्षेला बसणारी अकोला-अमरावतीची मुले बहुधा एक उत्तर काढतात, त्याखाली दुहेरी रेघ मारतात आणि पुढे जातात. वास्तविक या प्रश्नाची उत्तरे दोन आहेत, आणि ती दोन का, हे उमगले की चिन्हांचा निम्मा गोंधळ तिथेच निवळतो.

आधी सूत्र. बालभारतीच्या पुस्तकात भिंगाचे सूत्र 1/v − 1/u = 1/f असे येते. सगळी अंतरे भिंगाच्या प्रकाशीय केंद्रापासून मोजायची. वस्तू डावीकडे ठेवण्याची रीत असल्यामुळे u ऋण, उजवीकडची अंतरे धन, आणि बहिर्गोल भिंगाचे f धन. आता वस्तू १५ सेमीवर ठेवली असे धरू. 1/v = 1/10 − 1/15 = 1/30, म्हणजे v = ३० सेमी. विशालन v/u, म्हणजे ३० भागिले −१५, अर्थात −२. प्रतिमा दुप्पट आणि उलटी.

चूक होते ती अशी. मुलगा u ची किंमत ‘१५’ अशीच टाकतो, उणे विसरतो. मग 1/v = 1/10 + 1/15 = 1/6, आणि उत्तर येते ६ सेमी. आकडेमोड निर्दोष असते, म्हणून तो हटकून विचारतो, “सर, गणित तं बरोबर हाय, मंग चिन्ह कायले पायजे?” याला सूत्राने उत्तर देता येत नाही, किरणाकृतीने देता येते. वस्तूच्या टोकापासून अक्षाला समांतर जाणारा किरण भिंगातून वळून उजवीकडच्या नाभीतून, म्हणजे १० सेमीवरून जातो. तिथे पोचेपर्यंत तो अक्षाच्या वरच असतो. दुसरा किरण केंद्रातून सरळ जातो, आणि भिंग ओलांडताच तो अक्षाच्या खाली असतो. एक वर, एक खाली. ६ सेमीवर ते भेटणार कसे? बहिर्गोल भिंगासमोर ठेवलेल्या वस्तूची वास्तव प्रतिमा नाभीच्या अलीकडे कधीच पडत नाही. उत्तर १० पेक्षा कमी आले, तेही धन, की समजावे: उणे कुठेतरी गळाले.

आता दुसरे ठिकाण. वस्तू ५ सेमीवर, नाभीच्या आत. 1/v = 1/10 − 1/5 = −1/10. v = −१०, विशालन +२. पुन्हा दुप्पट, पण सुलटी आणि वस्तूच्याच बाजूला. आकृतीत केंद्रातून जाणारा किरण समांतर किरणापेक्षा अधिक तीव्र उतरतो, म्हणून उजवीकडे दोघे फाकत जातात. तुटक रेषांनी मागे वाढवले की डावीकडे १० सेमीवर भेटतात. ही प्रतिमा पडद्यावर येत नाही, भिंगातून पाहणाऱ्या डोळ्यालाच दिसते. बारीक अक्षर वाचायला भिंग कागदाजवळ धरतो, तो हाच प्रकार.

दिवाळीत पणती हाताशी असतेच. १० सेमी नाभीय अंतराचे भिंग ज्योतीपासून १५ सेमीवर उभे धरा आणि भिंगाच्या पलीकडे ३० सेमीवर पांढरा कागद. २ सेमीची ज्योत कागदावर ४ सेमीची होते आणि खाली तोंड करून जळते. भिंग ज्योतीपासून ५ सेमीवर आणले की कागद कितीही मागेपुढे हलवा, ज्योतीची आकृती उमटत नाही. नाभीय अंतर ठाऊक नसेल तर दूरच्या झाडाची प्रतिमा कागदावर स्पष्ट पाडून भिंग-कागद अंतर मोजावे.

आरशाशी तुलना करून पाहण्यासारखी आहे. अंतर्गोल आरशाचे f = −१० आणि u = −१५ घेतले तर 1/v + 1/u = 1/f या सूत्राने v = −३० येते. आकडा तोच तीस, बाजू मात्र डावी, कारण परावर्तित प्रकाश परत फिरतो. विशालनही −v/u घेतल्याने पुन्हा −२. म्हणजे अधिक-उणेचा फरक निसर्गातला नाही, मोजण्याच्या रीतीतला आहे. नुसत्या लांब्या घेतल्या, तर वास्तव प्रतिमेसाठी भिंग आणि आरसा दोघांना एकच संबंध लागू पडतो: 1/15 + 1/30 = 1/10. ब्रिटनच्या शालेय पुस्तकांत ‘वास्तव ते धन’ हा संकेत दीर्घकाळ चालला. त्यात भिंगाचे सूत्रही अधिकचेच लिहितात. घरातल्या एखाद्या थोरल्या माणसाने तसे शिकवले, आणि मुलाने वर्गातले ऋण u त्यात घातले, की चिन्ह दोनदा मोजले जाते. संकेत कोणताही घ्यावा, पण सूत्र आणि चिन्हे एकाच घरची हवीत.

एक मर्यादा मात्र आकृतीत दिसत नाही. आपण किरण मध्यरेषेवर एकदाच वळवतो. खऱ्या भिंगात तो हवेतून काचेत आणि काचेतून हवेत असा दोनदा अपवर्तित होतो. पातळ भिंगात दोन पृष्ठभागांतले अंतर इतके थोडे असते, की हे खपते. जाड भिंगाला हेच सूत्र लावून केंद्रापासून मोजले तर प्रत्यक्षातले अंतर जुळत नाही.