बोरीबंदरची गाडी आणि तिसरा पर्याय

परदेशी शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी आयईएलटीएस देणाऱ्या मुलांना वाचनाच्या भागातला एक प्रश्नप्रकार हमखास छळतो. उतारा वाचायचा, खाली दिलेली विधानं त्याच्याशी ताडून पाहायची आणि प्रत्येकापुढे ट्रू, फॉल्स किंवा नॉट गिव्हन लिहायचं. एका तासात ४० प्रश्न सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. ट्रू बहुतेकांना सापडतं. मुलं अडकतात ती फॉल्स आणि नॉट गिव्हन यांच्यामध्ये. इंग्रजी माध्यमात शिकलेली, फाडफाड बोलणारी मुलंही इथे गुण गमावतात.

कारण हा गोंधळ फारसा इंग्रजीचा नाही. तोच खेळ मराठीत मांडला तरी माणूस तसाच अडखळतो. करून पाहू.

‘१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी बोरीबंदरहून ठाण्याला जाण्यासाठी भारतातली पहिली प्रवासी रेल्वेगाडी सुटली. गाडीला १४ डबे होते आणि त्यांत सुमारे ४०० निमंत्रित पाहुणे बसले होते. साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं ती ओढत होती.’

आता चार विधानं. पहिलं : या गाडीआधी भारतात कुठेही रेल्वे धावली नव्हती. दुसरं : गाडीला दहा डबे होते. तिसरं : गाडी ओढायला एकाहून अधिक इंजिनं होती. चौथं : तिन्ही इंजिनांत सुलतान सर्वांत ताकदवान होतं. पुढे वाचण्याआधी आपापली उत्तरं मनाशी ठरवून ठेवावीत.

दुसरं विधान सोपं आहे. उतारा १४ म्हणतो, विधान दहा म्हणतं; दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही. म्हणून फॉल्स. उताऱ्यात ‘गाडीला दहा डबे नव्हते’ असं वाक्य कुठेही नाही, हे मात्र लक्षात घ्यायला हवं. फॉल्स म्हणजे स्पष्ट नकार, अशी समजूत असलेली मुलं उताऱ्यात ‘नव्हते’ शोधत बसतात, ते सापडत नाही आणि मग नॉट गिव्हन लिहून मोकळी होतात. उताऱ्यातला वेगळा आकडा, वेगळी तारीख, वेगळं कारण विधान खोटं पाडायला पुरेसं असतं.

तिसऱ्या विधानात उलटी चूक होते. ‘एकाहून अधिक’ हे शब्द उताऱ्यात नाहीत, म्हणून सावध विद्यार्थी नॉट गिव्हनकडे झुकतो. पण तीन म्हणजे एकाहून अधिक, हे कुणी वेगळं सांगायची गरज नाही. शब्द निराळे, अर्थ तोच; उत्तर ट्रू. परीक्षक विधानं मुद्दाम वेगळ्या शब्दांत लिहितात. उताऱ्यातलीच वाक्यं उचलून ठेवली, तर वाचन तपासलं जाणार कसं?

चौथं विधान म्हणजे खरा सापळा. सुलतान उताऱ्यात आहे, इंजिनं आहेत, तीन हा आकडाही आहे. ओळखीचे शब्द दिसले की मनाला वाटतं, जागा सापडली, म्हणजे उत्तर इथेच असणार. आता फक्त बरोबर की चूक एवढंच ठरवायचं उरलं. पण ताकदीची तुलना उताऱ्यात कुठेच नाही. सुलतान सर्वांत ताकदवान असला तरी उतारा खराच राहतो, नसला तरीही खराच राहतो. उत्तर नॉट गिव्हन. ‘पेक्षा’, ‘सर्वांत’, ‘मुळे’, ‘फक्त’, ‘नेहमी’ असे शब्द विधानात दिसले की उताऱ्यात त्या शब्दांचा ऐवज आहे का, हे मुद्दाम पाहावं. नुसत्या नामांची जुळणी इथे कामाची नाही.

राहिलं पहिलं विधान. शाळेत ‘भारतातली पहिली रेल्वे बोरीबंदर ते ठाणे’ असं पाठ केलेला विद्यार्थी इथे बेधडक ट्रू लिहितो. प्रश्नमंजूषांत रमणारा त्याच्यावर हसतो. मद्रासजवळ दगड वाहून नेण्यासाठी १८३७ मध्येच रेड हिल रेल्वे धावली होती, हे त्याला ठाऊक असतं. तो फॉल्स लिहितो. एकाची माहिती अर्धी, दुसऱ्याची पक्की, आणि गुण दोघांनाही नाही. उतारा फक्त पहिल्या ‘प्रवासी’ गाडीबद्दल बोलतो. मालाची गाडी त्याआधी धावली की नाही, याबद्दल तो गप्प आहे. म्हणून नॉट गिव्हन. जगात काय घडलं, हे इथे कुणी विचारलेलंच नाही. समोरच्या उताऱ्यात काय लिहिलं आहे, एवढंच विचारलं आहे.

ही सवय लागते कुठून? आपल्या स्वाध्यायांत ‘चूक की बरोबर ते लिहा’ असा प्रश्न असायचा. दोनच कप्पे. धड्यात जे नाही ते आपोआप चुकीच्या कप्प्यात जायचं आणि शिक्षकही त्यावर बरोबरची खूण करायचे. तीच मुलं पुढे तीन कप्प्यांसमोर बसली की ‘धड्यात नाही’ आणि ‘धड्याच्या विरुद्ध आहे’ या दोन गोष्टी त्यांच्या मनात एकमेकींत मिसळून जातात. व्यवहारातही आपण असंच करतो. शेजारच्या दाराला कुलूप दिसलं की म्हणतो, ‘गावाला गेलेत वाटतं.’ कुलूप एवढंच सांगतं की दार बंद आहे. गावाला गेले की भाजी आणायला, ते कुलपाला माहीत नसतं.

दुसरी अडचण वेळेची. ट्रू आणि फॉल्सला पुरावा असतो. त्या ओळीवर बोट ठेवता येतं. नॉट गिव्हनला बोट ठेवायला जागाच नाही. नसलेली गोष्ट नाहीच, याची खात्री करण्यासाठी विद्यार्थी अख्खा उतारा तीन-तीनदा चाळतो आणि दीड मिनिटाची पाच मिनिटं होतात. यावर एक आधार आहे. या प्रश्नप्रकारात विधानं उताऱ्याच्याच क्रमाने येतात. तिसऱ्याचा पुरावा एका परिच्छेदात आणि पाचव्याचा पुढच्या परिच्छेदात सापडला असेल, तर चौथ्याचा पत्ता त्या दोहोंच्या मधेच लागायला हवा. तेवढा भाग नीट वाचूनही काही हाती लागलं नाही, तर नॉट गिव्हन लिहून पुढे जावं.

शंका उरलीच, तर डब्यांच्या विधानाला लावलेली कसोटीच लावावी. विधान खरं मानलं तर उताऱ्यातलं एखादं वाक्य खोटं पडतं का? पडत असेल तर फॉल्स. पडत नसेल, तर उलट बाजूने विचारावं : विधान खोटं मानलं तर उतारा खोटा पडतो का? पडला तर ट्रू. दोन्ही वेळा उताऱ्याला धक्का लागत नसेल, तर नॉट गिव्हन. सुरुवातीला हे संथ वाटतं, पण पंधरा-वीस उतारे असे सोडवले की हात बसतो. सराव करताना प्रत्येक ट्रू-फॉल्सपुढे पुराव्याच्या ओळीचा क्रमांक लिहावा. क्रमांक लिहिता येत नसेल, तर ते उत्तर अंदाजाने दिलेलं आहे असं समजून पुन्हा तपासावं.

आणि वेळ संपत आली तरी जागा कोरी सोडू नये. आयईएलटीएसमध्ये चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत.