खसच्या सरबताचा हिरवा रंग

बाजारातल्या हिरव्यागार खस सरबतात बहुधा हिरवा रंग नसतोच. टार्ट्राझिन हा पिवळा आणि ब्रिलियंट ब्लू हा निळा, असे दोन रंग मिसळलेले असतात. कागदावर ते वेगळे करता येतात.

आधी साखर दूर करावी लागते, नाहीतर ठिपका ओघळतो. सरबतात थोडे व्हिनेगर घालून त्यात पांढरा लोकरीचा धागा उकळायचा. रंग धाग्यावर चढतो, साखर पाण्यात राहते. धागा धुऊन सौम्य अमोनियात गरम केला की रंग सुटतो. तो आटवून घट्ट करायचा.

गाळणकागदावर तळापासून २ सेंटिमीटरवर पेन्सिलीने रेघ मारावी. पेनाची शाईच पसरते. रेघेवर बारीक ठिपका, शेजारी ओळखीच्या रंगांचे ठिपके. कागदाचे टोक मिठाच्या सौम्य पाण्यात बुडवायचे, ठिपके मात्र पाण्याच्या वर हवेत. पाणी चढते तसा निळा पुढे धावतो, कागदाला जास्त चिकटणारा पिवळा मागे रेंगाळतो.

शेजारच्या टार्ट्राझिनच्या उंचीला पिवळा थांबला नाही, तर तो दुसरा कुठलातरी रंग. उंची जुळली तरी द्रावण बदलून पुन्हा पाहावे, कारण दोन रंग एकाच उंचीवर येऊ शकतात. रंगाचे नेमके प्रमाण मात्र या कागदावरून कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच गाठावी लागते.