प्रोग्राम लिहायच्या आधी स्किड कागदावर चालवा : फंक्शनल स्पेक आणि कंट्रोल नॅरेटिव्ह

पॅनेल बनवणारे, पीएलसी शिकलेले आणि आता स्वतःच्या नावावर पहिली स्किडची ऑर्डर घ्यायला निघालेले, अशांसाठी आजचा विषय आहे. स्किड म्हणजे एका लोखंडी फ्रेमवर टाकी, पंप, पाइप, व्हॉल्व्ह आणि पॅनेल बसवून तयार केलेलं छोटं प्लांट. उचललं, गिऱ्हाइकाकडे नेलं, पाइप जोडले की चालू.

ऑर्डर मिळाली की पहिला मोह होतो लॅपटॉप उघडायचा. तो उघडायच्या आधी दोन कागद तयार करायचे. फंक्शनल स्पेक सांगतं की स्किडने काय करायचं. कंट्रोल नॅरेटिव्ह सांगतं की ते कोणत्या क्रमाने, कोणत्या अटीवर करायचं, आणि अट पूर्ण झाली नाही तर काय. पहिला कागद मालकाला समजला पाहिजे, दुसरा त्याच्या ऑपरेटरला. दोन्ही साध्या भाषेत; लॅडर डायग्राम त्यात आणायचाच नाही.

उदाहरण घेऊ तासाला 1000 लिटरच्या दूध पाश्चरायझर स्किडचं. बॅलन्स टँकमधून पंप दूध उचलतो, प्लेट हीट एक्स्चेंजरमध्ये ते तापतं, मग होल्डिंग ट्यूबमधून जातं. ट्यूबच्या शेवटी तापमानाचा सेन्सर आणि त्यापुढे एफडीव्ही, म्हणजे फ्लो डायव्हर्शन व्हॉल्व्ह. दूध नीट तापलं असेल तर व्हॉल्व्ह ते पुढे सोडतो, नाहीतर परत बॅलन्स टँकमध्ये फिरवतो.

स्पेकमध्ये लिहायचं: दूध 72 अंशाला किमान 15 सेकंद राहिलं पाहिजे. आता तासाला 1000 लिटर म्हणजे सेकंदाला साधारण 0.28 लिटर. पंधरा सेकंदांना होल्डिंग ट्यूबमध्ये किमान 4.2 लिटर दूध मावलं पाहिजे. प्रत्यक्षात ट्यूब याहून लांब ठेवतात, कारण पाइपच्या मध्यातलं दूध कडेच्या दुधापेक्षा जोरात पळतं. पण आपला मुद्दा वेगळा आहे. पंपावर व्हीएफडी आहे. सहा महिन्यांनी कोणीतरी घाईत स्पीड वाढवून 1200 लिटर काढतो. तेवढ्याच 4.2 लिटरच्या ट्यूबमध्ये दूध आता साडेबारा सेकंदच राहतं. स्क्रीनवर तापमान 74 दिसतंय, सगळं हिरवं आहे, आणि दूध कच्चं राहिलंय! म्हणून स्पेकमध्ये एक ओळ हवीच: पंपाचा कमाल वेग कमिशनिंगला प्रवाह मोजून ठरवला जाईल, व्हीएफडीत लॉक होईल आणि ऑपरेटरला स्क्रीनवरून बदलता येणार नाही. ही ओळ मालकाला आवडत नाही. पण वाद सही करताना झालेला बरा, माल परत आल्यावर नको.

आता नॅरेटिव्ह. गिऱ्हाईक एका वाक्यात सांगतं, "दूध 72 ला गेलं की पुढे सोडा." तुम्ही तेवढंच प्रोग्राम केलंत तर काय होईल? तापमान 71.9, 72.1, 71.8 असं हलत राहील आणि एफडीव्ही खटाखट उघडझाप करेल. शिवाय सेन्सरमध्ये थोडी चूक असतेच, त्यामुळे बरोब्बर 72 वर बसणं धोक्याचं. म्हणून पुढे सोडायचा आकडा आणि परत फिरवायचा आकडा वेगळा ठेवायचा. मी हे असं लिहीन:

"TT-101 चं तापमान 74 अंशांच्या वर सलग 10 सेकंद राहिलं, पंप P-101 चालू आहे आणि कोणताही फॉल्ट नाही, तरच FDV-101 पुढच्या दिशेला जाईल. तापमान 72.5 च्या खाली आलं की FDV-101 ताबडतोब, कोणताही टायमर न लावता, परत फिरवायच्या दिशेला येईल आणि हॉर्न वाजेल. हीटिंगचा सेट पॉइंट 76."

पुढे जायला उशीर चालतो, मागे यायला नाही. प्रोग्रामर नवीन असेल तर दोन्हीकडे सारखाच टायमर टाकतो, म्हणून "कोणताही टायमर न लावता" हे शब्द लिहून ठेवायचे.

आता "नाहीतर काय" हा भाग. खरी मेहनत इथे आहे, आणि बहुतेक नॅरेटिव्ह इथेच कच्चे असतात.

समजा सेन्सरची वायर तुटली. सेन्सर PT100 आहे. त्याचा रोध तापमानाबरोबर वाढतो: शून्य अंशाला 100 ओहम, 72 ला साधारण 127.8. वायर तुटली की रोध अनंत, आणि पुष्कळ इनपुट कार्डांना वाटतं की तापमान फारच जास्त आहे. म्हणजे तुमची "74 च्या वर" ही अट खुशाल पूर्ण होते आणि थंड दूध पुढे जातं! म्हणून लिहायचं: "TT-101 चं वाचन 0 च्या खाली किंवा 100 च्या वर गेलं, तर सेन्सर फॉल्ट समजून FDV-101 परत फिरवायच्या दिशेला."

वीज गेली किंवा हवेचा दाब गेला तर? व्हॉल्व्ह स्प्रिंगने परतीच्या दिशेला आला पाहिजे. हे प्रोग्रामने होत नाही, व्हॉल्व्ह मागवतानाच तसा मागवावा लागतो. म्हणजे नॅरेटिव्ह खरेदीच्या आधी हवा. उलटा व्हॉल्व्ह येऊन पडला तर सॉफ्टवेअरमध्ये त्याला इलाज नाही.

व्हॉल्व्ह अडकला तर? दोन्ही टोकांना प्रॉक्सिमिटी स्विच लावा आणि लिहा: हुकूम दिल्यापासून 3 सेकंदांत परतीच्या जागेचा सिग्नल आला नाही, तर P-101 बंद.

शेवटची अडचण सीआयपीची, म्हणजे जागेवरच्या धुलाईची. धुताना व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजू धुवायच्या असतात, म्हणून तापमान काहीही असलं तरी तो हलवावा लागतो. म्हणजेच सीआयपी मोडमध्ये तुमची सगळी सुरक्षा बाजूला ठेवलेली असते. घाईतला ऑपरेटर "दूध पुढे जात नाही" म्हणून हाच मोड लावू शकतो. यावर की-स्विच ठेवा, चावी सुपरवायझरकडे. दुधाची लाइन हाताने काढून सीआयपीची लाइन जोडली तरच सिग्नल मिळेल असा स्विच बसवा. आणि लिहा की सीआयपीतून बाहेर येताना FDV-101 नेहमी परतीच्या दिशेला येईल.

सगळं मिळून हे चार-पाच पानांत बसतं. प्रत्येक वाक्याला नंबर द्या, पानावर तारीख आणि आवृत्ती टाका, मालकाची सही घ्या, मगच ॲडव्हान्सच्या पुढचं काम सुरू करा. नंतर त्याने "अजून एक टाकी जोडा" म्हटलं तर आवृत्ती 2 आणि नवीन कोटेशन. भांडायची गरज पडत नाही, कागद पुढे करायचा.

माल पाठवायच्या आधीची चाचणीही याच नंबरांवर करा. दूध लागत नाही, पाणी पुरतं. सेन्सर काढून त्या जागी रेझिस्टन्स बॉक्स लावा, 130 ओहम द्या, म्हणजे साधारण 78 अंश. दहा सेकंदांनी व्हॉल्व्ह पुढे गेला पाहिजे. मग 127 वर आणा, म्हणजे 70 च्या आसपास. व्हॉल्व्ह लगेच मागे. मग वायरच सोडा. व्हॉल्व्ह मागे आला का ते मालकाच्या डोळ्यांसमोर बघा आणि त्या नंबरापुढे दोघांच्या सह्या करा.