शेवटचा रकाना

गेल्या हंगामात द्राक्षबागेच्या खतव्यवस्थापनावरचा एक ऑनलाइन वर्ग मी ऐकला. सर भराभर बोलत होते, म्हणून प्रत्येक तक्ता आला की स्क्रीनशॉट घेत गेले. रात्री वहीत उतरवायला बसले तेव्हा लक्षात आलं, की खताचं नाव आहे, वेलीची अवस्था आहे, पण ‘एकरी किती’ हा उजवीकडचा रकाना चार चेहऱ्यांच्या चौकटींखाली गेला आहे. खालच्या दोन ओळींवर माइक-कॅमेऱ्याची काळी पट्टी होती. हवी होती ती नेमकी तीच माहिती.

स्क्रीनशॉट म्हणजे स्लाइडचा फोटो, असं आपण धरून चालतो. खरं तर तो आपल्या पडद्याचा फोटो असतो. सरांच्या स्लाइडवर कुणाचाच चेहरा नसतो; चेहरे आणि पट्टी आपल्याच कॉम्प्युटरवर तिच्यावर मांडली जातात. एकदा फोटो निघाला की खालचे आकडे परत मिळत नाहीत, कारण ते त्या फोटोत आलेलेच नसतात. म्हणून जी आवराआवर करायची, ती बटण दाबण्याआधी.

पुष्कळांकडे झूम असतं, म्हणून विंडोजवरच्या झूमचंच उदाहरण घेते. कुणी स्क्रीन शेअर केली की वरच्या बाजूला `View Options` दिसतं. त्यात `Side-by-side` निवडलं की पडद्याचे दोन भाग होतात, एकीकडे स्लाइड आणि दुसरीकडे चेहरे. मधली रेघ माउसने ओढून स्लाइडला जास्त जागा देता येते. मोठ्या मॉनिटरवर ही सोय उत्तम. चेहरे फोटोत येतात, पण बाजूला, त्यामुळे नंतर तेवढा भाग कापून टाकता येतो. तो कापायचाच, विशेषतः फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात टाकणार असाल तर. वर्गाला बसलेल्यांनी आपले चेहरे गावभर फिरायला दिलेले नसतात.

माझा लॅपटॉप मात्र लहान आहे, 1366×768 चा. सरांची स्लाइड 1920×1080 ची असेल, तर तिच्यातले सुमारे पावणेएकवीस लाख ठिपके माझ्या साडेदहा लाखांत बसवावे लागतात. त्यातही निम्मी-पाऊण जागाच स्लाइडला दिली, तर आकडे मुंगीएवढे होतात, आणि नंतर फोटो कितीही मोठा केला तरी तपशील वाढत नाही. अशा पडद्यावर पूर्ण स्क्रीनच बरी. `Alt+F` दाबून ती मिळवायची आणि `View Options` मधून `Hide Video Panel` निवडून चेहरे झाकायचे. आपल्याला चेहरे दिसेनासे होतात, इतरांना काही फरक पडत नाही.

राहिली ती पट्टी. माउस हलला की ती वर येते, आणि काही सेकंद स्पर्श झाला नाही की आपोआप जाते. जात नसेल, तर सेटिंगमधला `Always show meeting controls` हा पर्याय चालू राहिलेला असतो, तो बंद करायचा. माझी चूक इथेच झाली होती. मी स्क्रीनशॉटचं चिन्ह शोधायला माउस हलवत होते, म्हणजे दरवेळी मीच पट्टीला बोलावत होते. आता हात माउसवरून काढते, पट्टी गेली की फक्त कीबोर्डवर `Win+PrtScn` दाबते. पडदा क्षणभर मंद होतो आणि फोटो Pictures मधल्या Screenshots या फोल्डरमध्ये जाऊन बसतो. काही लॅपटॉपवर सोबत `Fn` ही दाबावं लागतं. `Win+Shift+S` नेही चालतं. त्या क्षणी पडदा जसा असेल तसा थिजतो, मग माउस फिरवून हवा तेवढा भाग निवडता येतो.

मॅकवाल्यांना एक सोय जास्त आहे. `Cmd+Shift+4` आणि मग स्पेसबार दाबून एखाद्या खिडकीवर क्लिक केलं, की तेवढ्या खिडकीचाच फोटो निघतो. तिच्यावर दुसरी स्वतंत्र खिडकी तरंगत असली तरी ती त्यात येत नाही.

अजून एक गोष्ट घाईत निसटते. स्लाइड बदलल्या बदलल्या फोटो घेऊ नये. शेअर केलेली स्क्रीन आपल्यापर्यंत व्हिडिओसारखी दाबून पाठवली जाते. नेट मंद असलं की आधी ढोबळ चित्र येतं आणि दोन-चार सेकंदांत ते स्वच्छ होतं. मी तक्त्यातला सर्वांत बारीक आकडा बघते. त्यातला 3 आणि 8 वेगळा ओळखू आला, की बटण दाबते.

पुढच्या वर्गाला मी दहा मिनिटं आधी बसले. सुरुवातीला सरांनी नुसतं शीर्षकाचं पान लावलं होतं, त्यावरच एक फोटो काढून फोल्डर उघडून पाहिला. वरच्या कडेला ‘तुम्ही अमुक यांची स्क्रीन पाहत आहात’ ही हिरवी पट्टी अजून होती, म्हणजे मी घाई केली होती. थोडं थांबून दुसरा काढला. त्यात चारही कोपरे मोकळे होते. खताचा तक्ता आला तेव्हा पाचपर्यंत आकडे मोजले, दोन बटणं दाबली आणि ‘एकरी किती’च्या खालच्या ओळीपर्यंत सगळं आलं.