‘तुम्हीच ठरवा’ म्हटल्यावर काय ठरवायचे?

छापखान्यात काम घेताना मालक काही प्रश्न विचारतो आणि बऱ्याचदा त्याला एकच उत्तर मिळते: ‘काहीही चालेल, तुम्हीच ठरवा.’ ऐकायला ही पूर्ण मोकळीक वाटते. प्रत्यक्षात निर्णयाचा भार ग्राहकाकडून छापणाऱ्याकडे सरकलेला असतो, आणि पुस्तिका हातात पडल्यावर ‘असं सांगितलं नव्हतं’ हे म्हणण्याचा हक्क मात्र ग्राहकाने सोडलेला नसतो. म्हणून या उत्तरानंतर काय ठरवायचे, ते कसे कळवायचे आणि कोणती गोष्ट अजिबात ठरवायची नाही, हे छापणाऱ्याला नीट माहीत असावे लागते.

एक नेहमीचे काम घेऊ. एका शाळेला रौप्यमहोत्सवाची स्मरणिका छापायची आहे. ५०० प्रती हव्यात आणि मजकूर लावून पाहिल्यावर साधारण ४२ पाने होतात. छापखान्यातून शाळेला विचारणा जाते: आकार कोणता, आतला कागद मॅपलिथो ७० जीएसएम की ८०, आतली छपाई एकरंगी की बहुरंगी, बांधणी सेंटर पिनची की परफेक्ट? मुख्याध्यापिकांचे उत्तर येते: ‘तुम्हाला जास्त कळतं, तुम्हीच ठरवा.’

अशा उत्तरामागे तीन वेगवेगळी कारणे असू शकतात. काही ग्राहकांना खरेच फरक पडत नाही. काहींना प्रश्नच कळलेला नसतो. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन. ते माहीत नसलेल्या माणसाने ७० आणि ८० यांतून निवड तरी कशी करावी? तिसऱ्या प्रकारच्या ग्राहकाच्या मनात पसंती असते, पण समोर काही दिसल्याशिवाय ती त्याला सांगता येत नाही. छापणाऱ्याला यातले नेमके कारण बाहेरून ओळखता येत नाही. तोच प्रश्न पुन्हा विचारला तर तेच उत्तर जरा वैतागून येते आणि दोन दिवस जातात. तिन्ही कारणांना लागू पडणारा उपाय म्हणजे व्यवहार्य निवड करून ती साध्या शब्दांत कळवणे आणि काम पुढे नेणे. ज्याला फरक पडत नाही तो ‘ठीक’ म्हणतो, ज्याला प्रश्न कळला नव्हता त्याला आता कळतो, आणि ज्याची पसंती आत दडलेली असते त्याला नाकारायला काहीतरी ठोस मिळते.

निवड हातातल्या कामाच्या माहितीतून निघाली पाहिजे. स्मरणिकेसाठी साडेपाच बाय साडेआठ इंच हा आकार सोयीचा आहे. २३ बाय ३६ इंची कागदाचा अर्धा ताव १८ बाय २३ इंचांचा होतो. त्याच्या एका बाजूवर या आकाराची आठ पाने बसतात, म्हणजे दोन्ही बाजू मिळून १६ पानांचा एक फॉर्म होतो आणि कागद फारसा वाया जात नाही. ४२ पानांसाठी असे तीन फॉर्म लागतात, म्हणून पुस्तिका ४८ पानांची धरणे शहाणपणाचे. उरलेली सहा पाने शाळा छायाचित्रांना किंवा जाहिरातींना देऊ शकते. एवढ्या पानांना सेंटर पिन पुरते. चिकटवून केलेली परफेक्ट बांधणी जाड पुस्तकाला शोभते. आतली छपाई काळ्या शाईत धरली, तर तीन फॉर्मच्या सहा बाजूंना सहा प्लेट लागतात. सगळे बहुरंगी करायचे तर प्रत्येक बाजूला चार, म्हणजे २४ प्लेट होतात. शाळेने रंगाचा आग्रह धरलेला नसताना तो खर्च तिच्या माथी मारणे बरे नाही. मुखपृष्ठ मात्र बहुरंगी धरावे, कारण रौप्यमहोत्सवाच्या स्मरणिकेकडून तेवढी अपेक्षा असतेच.

इथे एक मोह टाळावा लागतो. गोदामात जाड आर्ट पेपर पडून आहे म्हणून तोच धरणे, किंवा न मागता मुखपृष्ठावर महागडे लॅमिनेशन चढवणे, ही छापणाऱ्याच्या सोयीची निवड झाली. त्या प्रकारच्या कामात बहुतेकांना चालणारी, बेताच्या खर्चाची आणि नंतर बदलता येणारी निवडच ग्राहकाच्या वतीने करावी.

ती कळवताना काय धरले, का धरले आणि कधीपर्यंत बदलता येईल, या तीन गोष्टी यायला हव्यात. शाळेला जाणारा संदेश असा असू शकतो: ‘मॅडम, पुस्तिका साध्या वहीपेक्षा थोडी लहान, ४८ पानांची धरली आहे. आत काळी छपाई आणि मुखपृष्ठ रंगीत ठेवलं आहे, म्हणजे खर्च आटोक्यात राहील. सहा पानं मोकळी राहतात, ती फोटोंना वापरू. याप्रमाणे पानं लावायला घेतो. बदल हवा असेल तर प्लेट बनण्याआधी, गुरुवारपर्यंत सांगा. त्यानंतर बदलाचा वेगळा खर्च येईल.’ यात जीएसएमचा उल्लेख नाही, कारण त्या आकड्याने मुख्याध्यापिकांचा निर्णय सोपा होत नाही. कोटेशनमध्ये तो लिहिलेला असला की पुरे.

असा संदेश गेला की बहुधा खरी पसंती बाहेर येते. समजा उत्तर आले: ‘बाकी सगळं ठीक, पण देणगीदारांचे फोटो रंगीतच हवेत.’ ही अट पहिल्या चार प्रश्नांतून कधीच कळली नसती. आता सगळी पुस्तिका रंगीत करण्याची गरज नाही. आर्ट पेपरवर चार रंगीत पाने वेगळी छापून बरोबर मध्यभागी पिनमध्ये घेता येतात. पुस्तिका ५२ पानांची होते आणि वाढतो तो तेवढ्या चार पानांचा खर्च. तो आकडा त्याच दिवशी शाळेला कळवून मंजुरी घेतली जाते.

काही बाबतींत मात्र ‘तुम्हीच ठरवा’ हे उत्तर स्वीकारताच येत नाही. नावांचे शुद्धलेखन, देणगीदारांचा क्रम, समारंभाची तारीख आणि प्रतींची संख्या या गोष्टी फक्त ग्राहकालाच माहीत असतात आणि छापून झाल्यावर त्या फिरवता येत नाहीत. इथे गृहीत धरण्याऐवजी प्रश्न लहान करावा. ‘किती प्रती?’ याला उत्तर मिळत नसेल तर ‘माजी विद्यार्थ्यांनाही देणार, की फक्त समारंभाला येणाऱ्यांना?’ असे विचारले की आकडा आपोआप पुढे येतो.

ग्राहकाच्या मौनाचा अर्थही टप्प्याटप्प्याने बदलतो. गुरुवारपर्यंत उत्तर आले नाही, तर कळवल्याप्रमाणे पाने लावून प्रूफ काढायला हरकत नाही, कारण तिथपर्यंत गेलेले श्रम भरून काढता येतात. प्लेट आणि छपाई यांच्यासाठी मात्र प्रूफवर सही किंवा लेखी होकार हवाच. सही घेताना धरून चाललेल्या बाबींची यादी प्रूफबरोबर पुन्हा जोडावी. संदेश घाईत वाचला गेला असेल, तर निदान या टप्प्यावर आकार, रंग आणि पानांची संख्या ग्राहकाच्या नजरेखालून जाते.