‘कमळ’ तीन हातांचे

सुलेखनाच्या वर्गात मुलांची अक्षरे शेजारी ठेवून पाहायची असतील, तर आधी साहित्य सारखे हवे: तेवढ्याच रुंदीचा बोरू, तीच शाई, तोच कागद आणि शब्दही एकच. ‘कमळ’ हा शब्द यासाठी सोयीचा आहे. त्यात वेलांटी, उकार किंवा मात्रा नाहीत, त्यामुळे लक्ष अक्षराच्या अंगावरच राहते. ‘क’ला मधल्या दंडाच्या दोन्ही बाजूंना वळणे आहेत, ‘म’ला गाठ आणि आडवी रेघ आहे, तर ‘ळ’ पूर्ण दंडाशिवाय दोन वाटोळ्यांवर तोल सांभाळतो. प्रत्येकाने तो पाच वेळा लिहावा. एखादे अक्षर नशिबानेही चांगले उतरते; हात किती बसला आहे हे पाचांतून कळते.

देवनागरीसाठी बोरूच्या टोकाला रोमनच्या उलट दिशेने तिरपा छेद देतात. त्याला कत म्हणतात. टोक शिरोरेखेशी सुमारे 45 अंशांचा कोन करून धरले, की आडवी आणि उभी रेघ सारख्याच जाडीची येते. 5 मिलिमीटरच्या बोरूने दोन्ही साधारण साडेतीन मिलिमीटर भरतात. लिहिता लिहिता टोक 30 अंशांवर कलले, तर शिरोरेखा अडीच मिलिमीटरवर येते आणि दंड सव्वाचारच्या पुढे जातो. म्हणून रेघेची पहिली परीक्षा पट्टीनेही घेता येते: ‘क’चा दंड आणि त्याच्या डोक्यावरची शिरोरेखा मोजावी. दोन्हींत ठळक फरक असेल, तर मनगट फिरले आहे.

रेघेतला आत्मविश्वास मात्र पट्टीने मोजता येत नाही. तो तिच्या कडांवर दिसतो. एका श्वासात ओढलेल्या दंडाच्या दोन्ही कडा स्वच्छ असतात आणि शेवट कताच्या तिरकेपणाने तुटतो. घाबरत, हळूहळू ओढलेल्या दंडाच्या कडा बारीक लहरींनी थरथरतात. हात मध्येच थांबला असेल तर तिथे शाई साचून रेघ फुगते. मागाहून डागडुजी केली असेल तर एक कड दुहेरी दिसते, किंवा तिथली शाई अधिक गडद वाळते. नेटकेपणाच्या हौसेने मुले ही डागडुजी फार करतात. परीक्षकाने कागद उजेडात तिरपा धरला की ती लपत नाही.

प्रमाण मोजायचे ते कताच्या रुंदीने. वर्गात अंगाची उंची पाच कत ठरवली असेल, तर 5 मिलिमीटरच्या बोरूला ती 25 मिलिमीटर होते. पण उंची आखलेल्या रेघांमुळेही जमते, म्हणून तिला फार गुण देऊ नयेत. खरी कसोटी अक्षराच्या पोटातल्या पांढऱ्या जागेची. ‘ळ’ची दोन वाटोळी एकमेकांशी जुळतात का, ‘क’च्या डाव्या वळणातला पांढरा भाग उजव्या बाजूला चिरडून तर टाकत नाही ना, ‘म’ची गाठ शाईने बुजली का, हे पाहावे. कागद उलटा धरला की शब्दाचा अर्थ डोळ्यांआड होतो आणि नुसते आकार उरतात. मग असमतोल चटकन जाणवतो.

शाईच्या दोषांबाबत घाई करू नये, कारण वरवर सारखे दिसणारे डाग वेगवेगळ्या कारणांनी पडतात. रेघेची एक कड धारदार आणि दुसरी फाटलेली असेल, तर टोकाचा एक कोपरा कागदाला टेकलेला नाही. तो पकडीचा दोष. दोन्ही कडा विरून मधे पांढऱ्या चिरा पडल्या असतील, तर शाई कमी पडली किंवा हात फार वेगाने गेला. रेघेच्या सुरुवातीलाच थेंब जमला असेल, तर बोरू बुडवल्यावर दौतीच्या काठावर निथळला नव्हता. कडांना केसासारखे फाटे फुटले असतील, तर कागद शाई पितो आहे किंवा शाई पातळ आहे. हा शेवटचा दोष लिहिणाऱ्याच्या खाती घालणे अन्यायाचे आहे.

आता तीन कागद समोर आहेत असे धरू. पहिल्यावर उंची अचूक, ‘ळ’ची वाटोळी तंतोतंत जुळलेली, पण तिन्ही अक्षरांच्या कडा थरथरत्या, आणि ‘क’च्या दंडावर डागडुजीची दुहेरी कड. दुसऱ्यावर रेघा सलग आणि ठाम, दंड आणि शिरोरेखा सारख्या. फक्त ‘ळ’चे दुसरे वाटोळे पाचही वेळा पहिल्याहून मोठे. तिसऱ्यावर प्रमाण बरे, पण प्रत्येक दंडाची उजवी कड फाटलेली.

पहिल्या नजरेत बहुतेक जण पहिला कागद उचलतील. सुलेखन म्हणून दुसरा सरस आहे. त्याची चूक पाचही वेळा एकच आहे, म्हणजे हात स्थिर आहे आणि डोळ्याला मोठे वाटोळे सवयीचे झाले आहे. ‘ळ’ची पांढरी जागा समोर ठेवून कित्ता गिरवला की ती सुटते. तिसऱ्याला दुसरे स्थान द्यावे, कारण बोरू किंचित डावीकडे कलतो एवढेच त्याचे दुखणे आहे आणि पकड सरळ झाली की फाटलेली कड भरून येते. पहिल्याने आखलेल्या रेघा बाजूला ठेवून, कोऱ्या कागदावर एका श्वासातले नुसते उभे दंड आधी ओढावेत.