हिवताप आणि घराच्या भिंतींची फवारणी

पावसाळा सुरू झाला की वडाळ्यातील आमच्या बाह्यरुग्ण विभागात तापाच्या रुग्णांची गर्दी होते. त्यांपैकी काही जण नुकतेच गावाहून परतलेले असतात. ‘गावी घराच्या भिंतींवर औषध मारतात, येथे मात्र नुसता धूर सोडतात, असे का?’ हा प्रश्न त्यांच्याकडून वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर या अहवालाच्या निमित्ताने देत आहोत.

धुराने त्या क्षणी उडणारे डास मरतात. धूर विरला की परिणामही संपतो. भिंतीवरील औषधाचा परिणाम मात्र दोन-तीन महिने टिकतो. ग्रामीण भागात हिवताप पसरविणारी अ‍ॅनॉफिलिस क्युलिसिफेसीस ही डासाची मादी रक्त प्यायल्यानंतर जड होते व जवळच्या भिंतीवर विसावते. तेथे औषध असल्यास ती मरते. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. बहुधा ती चावल्यानंतर मरते. परंतु तिच्या शरीरात गेलेले हिवतापाचे जंतू परिपक्व होण्यास साधारण दहा ते चौदा दिवस लागतात, आणि तितके दिवस ती जगत नाही. म्हणजेच आपल्या भिंतीवरील औषध प्रामुख्याने शेजाऱ्याचे रक्षण करते, आणि शेजाऱ्याच्या भिंतीवरील औषध आपले.

ही पद्धत आपल्या प्रांतात जुनी आहे. १९४६ च्या सुमारास तत्कालीन मुंबई प्रांतातील उत्तर कन्नड व धारवाड या जिल्ह्यांत डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या देखरेखीखाली डीडीटीची फवारणी झाली. अशा प्रयोगांच्या यशानंतर १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

फवारणीचे काम वाटते तितके सोपे नाही. डेल्टामेथ्रिनच्या अडीच टक्के पावडरीचे उदाहरण घेऊ. ४०० ग्रॅम पावडर १० लिटर पाण्यात मिसळतात. तेवढ्यात ५०० चौरस मीटर भिंत होते, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर २० मिलिग्रॅम औषध बसते. एक कामगार पंप मारतो व दुसरा नळी भिंतीपासून सुमारे ४५ सेंटिमीटरवर धरून उभे पट्टे ओढतो. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढवावा लागतो, नाहीतर मधली जागा कोरडी राहते. भिंतीवरून ओघळ वाहू लागले तर तोटी झिजली आहे किंवा हात संथ चालला आहे असे समजावे. औषध नीट बसले तर सारखे बारीक ठिपके दिसतात.

आता व्याप्तीचा हिशोब. किमान ८५ टक्के खोल्यांत फवारणी व्हावी, अशी अपेक्षा असते. समजा, एका गावात १०० घरे व प्रत्येक घरात तीन, अशा ३०० खोल्या आहेत. दहा घरे बंद राहिली अथवा त्यांनी नकार दिला, तर ३० खोल्या गेल्या. उरलेल्या घरांपैकी ४० घरांनी केवळ देवघर किंवा स्वयंपाकघर वगळण्यास सांगितले, तर आणखी ४० गेल्या. नोंदवहीत ९० टक्के घरे ‘पूर्ण’ दिसतात. प्रत्यक्षात २३० खोल्या, म्हणजे सुमारे ७७ टक्केच फवारल्या गेल्या. म्हणून घरे न मोजता खोल्या मोजाव्या लागतात.

नकारामागे केवळ अज्ञान असते असे आम्हांस वाटत नाही. रंगविलेल्या भिंतींवर पांढरे डाग पडतात, वास येतो, धान्याच्या कणग्या व भांडी बाहेर काढावी लागतात. पूर्वसूचनेविना पथक आले आणि घरी एकटी गृहिणी असली, तर ती दार कसे उघडणार? पेरणीच्या दिवसांत तर घरी कोणीच नसते. फवारणीने ढेकूण बाहेर पडून उलट त्रास होतो, ही तक्रारही जुनी आहे. ‘औषध मारूनही डास चावतातच’ हा आक्षेपही खोटा नाही. त्याचे कारण वर दिलेच आहे. शिवाय, फवारणीला होकार देऊन महिन्याभरात सणासाठी भिंत सारवली, तरी औषध मातीखाली जाते व खोली न फवारल्यासारखीच होते.

वडाळ्यात भिंतींची फवारणी हा मुख्य उपाय नाही. येथील अ‍ॅनॉफिलिस स्टेफेन्सी हा डास इमारतींवरील टाक्या, विहिरी व बांधकामांच्या साचलेल्या पाण्यात वाढतो, म्हणून येथे अळीचा नाश करणे अधिक उपयुक्त ठरते. परंतु महापालिकेच्या कीटकनाशक विभागाचा कर्मचारी टाकी तपासण्यास आला की गच्चीची किल्ली सापडत नाही. गावातील बंद खोली आणि येथील कुलूपबंद गच्ची यांचा परिणाम सारखाच असतो, व तो शेजाऱ्यास भोगावा लागतो. गावी जाणाऱ्या आमच्या रुग्णांस म्हणूनच आमची विनंती आहे की, पथकास देवघरासह सर्व खोल्या उघडून द्याव्यात, अन्न व पाणी झाकून ठेवावे, भिंती वाळेपर्यंत मुलांना बाहेर ठेवावे आणि पुढील तीन महिने त्या सारवू नयेत.